चार टक्के आणि त्यापुढचा प्रत्येक रुपया: भाडेवाढीचं पत्र कसं लिहावं, कसं वाचावं

जुन्या वाड्यांत आणि चाळींत दर एक-दोन वर्षांनी मालकाकडून एक कागद येतो. मजकूर साधारण ठरलेला: "वाढती महागाई व इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च लक्षात घेता येत्या 1 तारखेपासून आपले मासिक भाडे रु. 450 ऐवजी रु. 600 करण्यात येत आहे. सहकार्य करावे ही विनंती." खाली सही.

कारण, रक्कम, तारीख असं सगळं त्यात आहे. तरीही हा कागद मालकाच्या फारसा उपयोगाचा नाही आणि भाडेकरूने त्याला घाबरायचंही कारण नाही. कारण भाडं पत्राने वाढत नाही. ते वाढतं कायद्याने किंवा दोघांनी सही केलेल्या कराराने. पत्र फक्त त्या वाढीची खबर देतं आणि हिशोब मांडतं. मागे कायदा किंवा करार नसेल तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवा नाहीतर वकिलाच्या लेटरहेडवर, 450 चे 600 होत नाहीत.

म्हणून पत्र लिहिण्याआधी किंवा आलेल्या पत्राला उत्तर देण्याआधी एक गोष्ट पाहायची: हा भाडेकरू कुठल्या प्रकारचा आहे? महाराष्ट्रात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक लिव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे 11, 24 किंवा 36 महिन्यांचा नोंदणीकृत करार करून राहणारा. त्याच्याकडे शेवटी येऊ, कारण त्याचं प्रकरण सोपं आहे. दुसरा जुना भाडेकरू, पागडीचा किंवा वडिलोपार्जित. त्याच्याकडे बहुतेक वेळा करार नसतो, भाडेपावत्यांची चळत असते. त्याचं भाडं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 या कायद्याखाली येतं. वर्षाला किती वाढ करता येते हे या कायद्यानेच सांगून ठेवलेलं असल्यामुळे भाडेवाढीच्या पत्राचा खरा कस इथे लागतो.

चार टक्के आले कुठून

या कायद्याआधी मुंबई प्रांताचा 1947 चा भाडे कायदा होता. त्यात 'प्रमाण भाडे' ही कल्पना होती आणि ते 1 सप्टेंबर 1940 या तारखेला बांधलेलं होतं. त्या दिवशी जे भाडं होतं तेच प्रमाण. जागा त्यानंतर प्रथम दिली असेल तर त्या वेळचं भाडं प्रमाण. युद्धकाळातल्या टंचाईत भाडेकरूंना वाचवण्यासाठी केलेली ही सोय अर्धशतक चालली. सोनं, दूध, मजुरी सगळं वाढलं आणि भाडं मात्र जागच्या जागी राहिलं. अखेर डिसेंबर 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झालं आहे. जुन्या कायद्याची मुदत लवकरच संपणार होती, म्हणून न्यायालयाने ती कलमं तिथेच रद्द केली नाहीत. नवा कायदा करताना सरकार हे ध्यानात घेईल असं मानून विषय सोडला.

नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 11 मध्ये मालकाला भाड्यात दर साल 4 टक्के वाढ करण्याचा हक्क मिळाला. राहत्या जागेला तेच, दुकानाला तेच, गोदामाला तेच. (मोठ्या कंपन्या, बँका, परदेशी वकिलाती अशा काही भाडेकरूंना कायद्याने या संरक्षणाबाहेर ठेवलं आहे. त्यांच्याशी मालकाने बाजारभावाने बोलावं.)

चार टक्के म्हणजे किती, ते आकड्यात पाहिलं तर मालक लोक का कुरकुरतात ते कळतं. 2000 साली ज्या खोलीचं भाडं 100 रुपये होतं, तिची वाढ दरवर्षी न चुकता आदल्या वर्षीच्या भाड्यावर केली असती तर 26 वाढींनंतर ते 277 रुपये झालं असतं. यात वाड्याचं छप्पर शाकारून होत नाही. मालकाची तक्रार खोटी नाही. पण ती विधिमंडळात मांडायची तक्रार आहे. भाडेकरूच्या पत्रात ती घातली म्हणून टक्के वाढत नाहीत.

कारणं कशाला लागतात आणि कशाला नाही

इथे बहुतेक पत्रांची गल्लत होते. कलम 11 च्या चार टक्क्यांना कारण लागतच नाही. महागाई झाली, मुलीचं लग्न आहे, शेजारच्या वाड्यात जास्त भाडं आहे, यांतलं काहीही लिहिण्याची गरज नाही. "कायद्यानुसार वार्षिक 4 टक्के" एवढंच पुरतं. कारणं द्यायची असतील तर सौजन्य म्हणून द्यावीत. वर्षानुवर्षं एका अंगणात राहिलेल्या माणसांत ते शोभतंही.

मात्र चार टक्क्यांपुढे जो रुपया मागायचा, त्या प्रत्येकाला कायद्यात बसणारं कारण लागतं आणि त्याचा कागद लागतो. अशी कारणं मोजकी आहेत.

रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त उपयोगी पडणारं कारण म्हणजे करवाढ. महापालिकेने किंवा सरकारने त्या जागेवरचा कर, पट्टी, उपकर वाढवला तर वाढलेला भाग मालकाला भाडेकरूकडून घेता येतो. हे कलम 12. त्याला एक पक्की मर्यादा आहे: कर जितका वाढला तितकंच, त्याहून एक पैसा जास्त नाही. म्हणजे या मथळ्याखाली मालकाला कमाई करता येत नाही, फक्त खिशातून गेलेलं परत मिळवता येतं.

दुसरं कारण म्हणजे जागेत केलेली सुधारणा किंवा रचनेतला बदल, जसं की सामाईक संडासाऐवजी प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास. त्यासाठी वेगळी तरतूद आहे आणि तिला भाडेकरूंच्या लेखी संमतीची अट आहे. आधी काम उरकून मग पत्रात रक्कम कळवायची, हा क्रम उलटा आहे.

आणि ज्या कारणाने पत्रं भरलेली असतात, ती नेहमीची दुरुस्ती? ती यात बसत नाही. जागा राहण्याजोगी ठेवणं ही कलम 14 ने मालकावर टाकलेली जबाबदारीच आहे. गळकं छप्पर, कुजलेली तुळई, फुटलेला सांडपाण्याचा पाइप हे मालकाने मिळणाऱ्या भाड्यातूनच करायचं असतं. मालक करत नसेल तर भाडेकरूंनी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी वेळात काम झालं नाही तर ते स्वतः करून खर्च भाड्यातून कापून घेता येतो, पण एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच. 450 रुपये भाड्याच्या खोलीला वर्षाचं भाडं 5,400 रुपये, त्याचा पाव हिस्सा 1,350. त्यात काय दुरुस्त होणार ते उघड आहे. जुने वाडे दोन्ही बाजूंच्या हक्कांसकट कोसळतात त्याचं एक कारण हे गणित. तरी नियम तो नियम. "दुरुस्तीचा खर्च वाढला म्हणून भाडं 600" हे वाक्य पत्रात घालून मालक स्वतःच लिहून देतो की ही वाढ कायद्यात बसणारी नाही.

एका वाड्याचा हिशोब

एक नमुना घेऊ. पेठेतला दुमजली वाडा, साधारण सारख्या मापाच्या 12 खोल्या. त्यांपैकी 2 खोल्यांत मालक स्वतः राहतात, 10 खोल्यांत भाडेकरू. खोली क्रमांक 7 चं भाडं महिना 450 रुपये. शेवटची वाढ 1 जून 2025 ला झाली होती. वाड्याच्या मिळकतकराचं एकच बिल येतं असं धरू. गेल्या वर्षी ते 28,800 रुपये होतं, यंदा 32,400 आलं.

आधी चार टक्के. 450 चे चार टक्के 18 रुपये. नवं मूळ भाडं 468.

मग करवाढ. बिल 3,600 रुपयांनी वाढलं. ते कितीने भागायचं? भाडेकरू 10 आहेत म्हणून मालक पटकन 10 ने भागतात आणि खोलीमागे वर्षाला 360, म्हणजे महिना 30 रुपये काढतात. ही चूक आहे, आणि ती इतक्या सहज होते की भाडेकरूंच्याही नजरेतून सुटते. मालकांच्या दोन खोल्यांवरचा कर मालकांचा. भागायचं 12 ने. खोलीमागे वर्षाला 300, महिना 25 रुपये. खोल्या लहानमोठ्या असत्या तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करावी लागली असती. एखाद्या खोलीत दुकान असेल तर त्याचा कर वेगळ्या दराने लागतो, तो भाग आधी बाजूला काढावा. दुकानाची पट्टी वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी भरायची नाही.

आता महिन्याचे एकूण 468 अधिक 25, म्हणजे 493 रुपये.

हे दोन आकडे पावतीवर कायम वेगळे ठेवावेत. पुढच्या जूनला चार टक्के लावायचे ते 468 वर. त्याचे 486.72 होतात आणि कर तेवढाच राहिला तर एकूण 511.72. पण पावतीवर नुसतं "भाडे रु. 493" लिहिलं असेल तर पुढच्या वर्षी हिशोब करणारा माणूस 493 वर चार टक्के लावतो आणि 512.72 काढतो. फरक फक्त एका रुपयाचा. पण त्या रुपयाला आधार नाही: महापालिकेला 25 रुपये जात असताना भाडेकरूकडून 26 घेतले गेले. शिवाय कर पुन्हा कमी झाला तर कमी किती करायचं तेही सापडत नाही, कारण तो भाड्यात विरघळून गेलेला असतो.

पैशांचंही तसंच. 486.72 हा आकडा वहीत गैरसोयीचा वाटतो म्हणून 490 करण्याचा मोह होतो. वर नेऊन पूर्णांक केला की चार टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. खाली आणून 486 केला तर कुणाचीच तक्रार नाही. साडेआठ रुपयांचं वार्षिक नुकसान सोसायचं नसेल तर पैसे लिहावेत.

मधली वर्षं राहून गेली असतील तर

कागदावर सगळं सरळ दिसतं, पण प्रत्यक्षात बरेच मालक दरवर्षी वाढ करत नाहीत. वडील भिडेखातर गप्प राहिलेले असतात आणि मुलगा वहीचा ताबा घेतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं की सहा वर्षांत भाडं हललेलंच नाही. मग पत्र निघतं: सहा वर्षांची वाढ एकदम, शिवाय मागची थकबाकी.

इथे दोन प्रश्न एकत्र गुंडाळलेले असतात. पहिला, यापुढचं भाडं किती. 450 वर सहा वर्षांची सरळ 24 टक्के वाढ धरली तर 558 होतात. दरवर्षीच्या वाढलेल्या भाड्यावर पुढची वाढ धरली तर 569.39. मालक दुसरं गणित मांडतात, भाडेकरू पहिलं किंवा "एका वेळी फक्त चार टक्के" असं तिसरंच. दुसरा प्रश्न मागच्या महिन्यांचा. त्या महिन्यांचं भाडं मालकाने घेतलेलं आहे, पावती दिलेली आहे आणि तेव्हा जास्त मागितलेलं नाही.

माझं मत विचाराल तर मालकाने मागची थकबाकी पत्रात घालू नये. ती मिळणं दूरच, तिच्यामुळे पुढची वाढही भांडणात अडकते. यापुढची रक्कम सांगावी, ती कशी काढली ते वर्षवार मांडावं आणि जमल्यास एक-दोन टप्प्यांत ती गाठायचा प्रस्ताव ठेवावा. भाडेकरूला तो मान्य झाला तर दोघांच्या सहीचा साधा कागद करावा. जमलं नाही तर प्रमाण भाडे आणि कायद्याने चालणारी वाढ किती, हे ठरवून घेण्यासाठी लघुवाद न्यायालय आहे, आणि तिथे मालक जाऊ शकतो तसा भाडेकरूही.

तारीख

वाढ पुढच्या तारखेपासून लागू करायची, गेलेल्या नाही. "1 एप्रिलपासून" असं लिहिलेलं पत्र 20 मे ला हाती पडलं तर पहिल्या ओळीतच वादाला तोंड फुटतं. शेवटच्या वाढीला पुरं वर्ष झालेलं असावं. आपल्या नमुन्यात 1 जून 2025 नंतरची वाढ 1 जून 2026 ला. तारीख भाड्याच्या महिन्याशी जुळणारी असावी. काही जुन्या पावत्यांवर महिना 5 किंवा 10 तारखेला सुरू होतो. तिथे 1 तारीख घातली की मधल्या दिवसांचा हिशोब दोघांनाही छळतो. आणि पत्र निदान महिनाभर आधी हाती पडावं. यात माणुसकी आहे तसा व्यवहारही: भाडेकरूला कराचं बिल पाहायला, विचारायला वेळ मिळाला की पहिल्या महिन्याचं भाडं अडत नाही.

फोनवर "तीन महिन्यांची नोटीस दिल्याशिवाय भाडं वाढवता येत नाही" असा एक संदेश फिरत असतो. तो केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यावरून आलेला आहे. त्यात भाडं बदलण्याआधी तीन महिने कळवायची तरतूद आहे खरी, पण तो नमुना आहे. राज्याने त्यावर आपला कायदा केला तरच तो लागतो. आपल्या वाड्याला 1999 चाच कायदा लागू आहे.

पत्र

आता वरचा सगळा हिशोब घालून पत्र लिहू. मालक तिशी-पस्तिशीतला, भाडेकरू त्याच्या आईच्या वयाच्या काकू. घरात तो त्यांना काकूच म्हणतो, त्यामुळे पत्रही नोटिशीच्या भाषेत असायचं कारण नाही. भाषा मवाळ ठेवावी, आकडे मात्र नेमके.

> दि. 25 एप्रिल 2026
>
> ती. काकूंस, खोली क्र. 7
>
> सा. न.
>
> आपल्या खोलीचे भाडे 1 जून 2025 पासून दरमहा रु. 450 आहे. 1 जून 2026 पासून त्यात पुढीलप्रमाणे बदल होत आहे.
>
> महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 11 नुसार वार्षिक 4 टक्के वाढ रु. 18. नवे मूळ भाडे रु. 468.
>
> वाड्याच्या मिळकतकराचे बिल गेल्या वर्षी रु. 28,800 होते, यंदा रु. 32,400 आले आहे. वाढ रु. 3,600. ती आमच्या दोन खोल्या धरून 12 खोल्यांत विभागली आहे. आपल्या खोलीचा वाटा वर्षाला रु. 300, दरमहा रु. 25. ही रक्कम कलम 12 नुसार आहे व ती मूळ भाड्यात मिळवलेली नाही. पुढे कर कमी झाल्यास ती त्या प्रमाणात कमी होईल.
>
> अशा प्रकारे 1 जून 2026 पासून दरमहा एकूण रु. 493 होतात. पावतीवर दोन्ही रकमा वेगळ्या लिहिल्या जातील. मे महिन्याचे भाडे नेहमीप्रमाणे रु. 450 आहे.
>
> दोन्ही वर्षांच्या कराच्या बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. हिशोबात काही चूक वाटल्यास 20 मेपर्यंत सांगावे, आपण बसून पाहू.
>
> कळावे,
> (मालकाची सही)

महागाईचा उल्लेख नाही, दुरुस्तीचा नाही, धमकी नाही. "मे महिन्याचे भाडे नेहमीप्रमाणे" ही ओळ क्षुल्लक वाटते, पण पत्र मिळालं की वाढ लगेच लागू झाली अशी समजूत करून घेणारे पुष्कळ असतात.

पत्र हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर "पोहोचले" अशी सही आणि तारीख घेणं सगळ्यांत चांगलं. सही द्यायला कुणी बिचकलं तर त्याला सांगावं की ही मिळाल्याची सही आहे, मान्यतेची नाही. हवं तर तसं लिहूनच सही करावी. तेही जमत नसेल तर टपालाने पाठवावं. 1 सप्टेंबर 2025 पासून देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवलं गेलं आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच मागून घ्यायची आणि पावती जपून ठेवायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जरूर पाठवावा, पण फक्त त्यावर विसंबू नये.

भाडेकरूने नाही दिलं तर

बऱ्याच पत्रांच्या शेवटी एक वाक्य असतं: "वाढीव भाडे न भरल्यास जागा खाली करावी लागेल." हे वाक्य काढून टाकावं. प्रमाण भाडे आणि कायद्याने चालणारी वाढ देणाऱ्या, आणि ते द्यायची तयारी असणाऱ्या भाडेकरूला भाड्याच्या कारणावरून काढता येत नाही. खरोखर थकबाकी झाली तरी दावा लावण्याआधी मालकाला थकलेल्या रकमेची वेगळी लेखी मागणी करावी लागते आणि ती पोहोचल्यापासून 90 दिवस थांबावं लागतं. ती मागणीची नोटीस वेगळी, आपलं हे माहितीचं पत्र वेगळं. दोन्ही एका कागदात कोंबलं की धड एकही होत नाही: 25 एप्रिलच्या पत्रात जूनची थकबाकी मागता येत नाही, कारण ती अजून झालेलीच नसते.

दावा दाखल झाल्यावरही कायदा भाडेकरूला एक संधी देतो. दाव्याचं समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्याने थकलेलं भाडं आणि वाढ 15 टक्के सरळ व्याजाने न्यायालयात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढेही नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा देण्याचा हुकूम होत नाही. हे भाडेकरूंना माहीत असतं, पण त्यातलं "नियमित भरत राहिला" हे काही जण विसरतात आणि हातची केस घालवतात.

भाडेकरूच्या बाजूने सर्वांत मोठी चूक वेगळी आहे. वाढ पटली नाही म्हणून तो भाडं देणंच थांबवतो. असं कधीही करू नये. समजा पत्रात 600 मागितले आहेत. आपल्या हिशोबाने बसणारी रक्कम, म्हणजे 468 आणि बिल दाखवलं असेल तर वर 25, तारखेला द्यावी आणि सोबत दोन ओळींचं पत्र द्यावं: उरलेल्या 107 रुपयांना कायद्याचा आधार दिसत नाही, तो दाखवल्यास विचार करू. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरने किंवा बँक खात्यात पाठवावी. नाकारलेल्या मनीऑर्डरची पावती पुढे कामाला येते. जुनंच 450 पाठवून गप्प बसणं हा त्याहून कच्चा मार्ग, कारण चार टक्के मालकाचा हक्क आहे आणि ते न देणारा भाडेकरू त्या 18 रुपयांपुरता थकबाकीदार ठरतो.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी

फ्लॅट भाड्याने घेणाऱ्या बहुतेकांना यातलं चार टक्क्यांचं काहीही लागू नाही. तिथे करारात लिहिलंय ते खरं. कायद्याने या लेखी कराराला इतकं वजन दिलं आहे की त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा तोच निर्णायक पुरावा मानला जातो. 24 महिन्यांचा करार असेल, पहिलं वर्ष 22,000 आणि तेराव्या महिन्यापासून 7 टक्के वाढ असं त्यात असेल, तर बाराव्या महिन्यात आलेलं पत्र ही नुसती आठवण: 23,540 रुपये, अमुक तारखेपासून. पत्र आलं नाही तरी तेवढे द्यायचे आहेत.

उलट करारात वाढीचा शब्दच नसेल तर मुदत संपेपर्यंत भाडं तेच. मधेच आलेलं "सोसायटीने मेंटेनन्स वाढवला, म्हणून पुढच्या महिन्यापासून दोन हजार जास्त" हे पत्र विनंती आहे. मानायची की नाही हे राहणाऱ्याने ठरवायचं. फक्त त्याआधी करारात मेंटेनन्स कुणी भरायचा आणि वाढला तर कुणी, ही ओळ शोधून वाचावी. ती बहुधा पाचव्या-सहाव्या पानावर असते आणि सही करताना कुणी वाचलेली नसते. मुदत संपताना मात्र मालकाला नवा आकडा सांगायची पूर्ण मोकळीक आहे, दहा टक्के म्हणा की तीस. तिथे पत्राचं काम वेगळं: आपला करार अमुक तारखेला संपतो, पुढे राहायचं असल्यास नव्या कराराचं भाडं एवढं, अमुक तारखेपर्यंत कळवावं. हे दोन महिने आधी लिहिलं तर राहणाऱ्याला दुसरं घर शोधायला आणि मालकाला दुसरा माणूस शोधायला सारखाच वेळ मिळतो. आकडा मान्य झाला की नवा करार नोंदवून घ्यावा. जुना करार संपल्यावर वाढीव भाडं नुसतं खात्यावर जमा होत राहणं, ही दोघांच्याही दृष्टीने सर्वांत कच्ची अवस्था आहे.